‘येतं’ या उत्तरापुढचा प्रश्न

एका वाचक भगिनीचं पत्र:

“मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. गेली सहा वर्षं काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजणी करून विकते. आधी घरातूनच करायचे, आता जवळच एक गाळा भाड्याने घेतलाय. आजवर मी, सासूबाई आणि सुटीच्या दिवशी मुलगा, एवढ्यांवर भागलं. आता भागत नाही. वजन, पॅकिंग, लेबल आणि ऑर्डरींची वही सांभाळायला एक बाई ठेवायची आहे, रोजची, पगारावर. शेजारणीने तिची भाची सुचवली आहे. ग्रुपवर निरोप टाकल्यावर आणखी तिघींचे फोन आले. मुलाखत कशी घेतात ते मला माहीत नाही. यूट्यूबवर पाहिलं तर ‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता’, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ असले प्रश्न. ते माझ्या तोंडातून निघणार नाहीत. मला खरं विचारायचंय ते वेगळंच: लग्न ठरतंय का, मूल लहान आहे का, घरचे रोज पाठवतील का. पण हे विचारावं की नाही, कळत नाही. मिस्टर म्हणतात, एवढा विचार कशाला, घरातल्यासारखी वाटली की ठेवून टाक. काय विचारू?”

ताई,

यूट्यूबवरचे ते प्रश्न तुमच्या तोंडातून निघत नाहीत, हे चांगलंच आहे. त्यांची उत्तरं पाठ करता येतात, आणि जी पाठ करून आली आहे तीच त्यात पुढे जाते. तुम्हाला पाकिटं भरणारी, वही नीट ठेवणारी बाई हवी आहे. ती दोष कोणता सांगते यावरून काटा कसा वापरते ते कळत नाही.

पण मिस्टरांचं ‘घरातल्यासारखी वाटली की ठेव’ हेही मला पटत नाही, आणि त्याचं कारण मी स्वतः भोगलं आहे. पंचवटीत माझं शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम होतं. पहिली बाई ठेवली तेव्हा मी तिच्याशी तासभर बोलले. तिचं माहेर आणि माझं आजोळ निफाड तालुक्यातलंच निघालं. चहा झाला, तिने माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. मी विचारलं, “शिवण येतं ना?” ती म्हणाली, “येतं.” “कटिंग येतं?” “येतं.” झाली मुलाखत. दुसऱ्या आठवड्यात एका शाळेच्या साठ स्कर्टचं कापड तिच्यापुढे टाकलं. तिने आयुष्यात ब्लाउज आणि परकर शिवले होते, एका वेळी एक. आठ-आठ पदर एकावर एक ठेवून कापायचे असतात, तेव्हा खालचे पदर सरकू नयेत म्हणून चिमटे लावावे लागतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. वरचा पदर खडूच्या रेघेवर बरोबर कापला गेला. खालचे चार पदर अर्धा-पाऊण इंच आत गेले. जवळजवळ निम्मं कापड वाया गेलं, आणि ती बिचारी रडायला लागली.

ती खोटं बोलली नव्हती. तिला कटिंग येत होतं. ‘येतं का?’ या प्रश्नाला ‘येतं’ हेच उत्तर असतं, समोरच्या माणसाला काम हवं असतं तेव्हा तर नक्कीच. त्यापुढचा प्रश्न, म्हणजे कुठे केलंत, किती केलंत, कसं केलंत, तो मी विचारायला हवा होता. मी विचारलं नाही, कारण ती मला आवडली होती. आवडलं की आपण चौकशी थांबवतो. घरातल्यासारख्या वाटणाऱ्या बाईच्या बाबतीत हे हमखास होतं.

म्हणून माझं सांगणं असं की माणसापासून सुरुवातच करू नका. आधी काम कागदावर येऊ द्या. एक आठवडा शंभर पानी वही गाळ्यावर ठेवा आणि दिवसभरात जे जे हातावेगळं केलंत ते वेळेसकट लिहा. साडेदहाला कांडपावरून मिरची आणली. अकरा ते एक चटणीची दोनशे ग्रॅमची चाळीस पाकिटं. मधे सात फोन, त्यातले दोन ‘माझी ऑर्डर निघाली का’ म्हणून. एका ताईंचं मेतकूट राहिलं, परत उघडून बांधलं. चार वाजता कुरिअरवाला. अशी सहा पानं झाली की त्यातली नव्या बाईकडे कोणती कामं जाणार त्यांवर खूण करा. मसाला भाजणं बहुधा तुमच्याकडेच राहील, ती तुमची चव आहे. खूण केलेल्या ओळी वाचल्या की काय विचारायचं ते आपोआप सुचेल, कारण प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न आहे. आणि ज्या गोष्टीची वहीत ओळच नाही, ती बहुतेक विचारायची गरज नाही.

आता तुम्हाला खरं जे विचारायचंय त्याकडे येते. लग्न, मूल, सासरचे. ताई, हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं आहे. तुम्हाला तिच्या लग्नाशी काही घेणं नाही. तुमची भीती अशी आहे की मसाल्याच्या ऐन मोसमात ती येणार नाही, किंवा शिकवून तयार केली की चार महिन्यांत सोडून जाईल. मग तेच विचारा ना. लग्नाच्या उत्तरातून ते कळतही नाही. लग्न न झालेली मुलगी दोन वर्षं टिकते आणि तीन मुलांची आई आठवड्यात सोडते, हे मी दोन्ही पाहिलंय. आणि ज्या बाईला पहिल्याच भेटीत ‘मूल कधी’ विचारलं जातं ती पुढे मुलाला ताप आला तरी तुम्हाला खरं कारण सांगणार नाही, दुसरं काहीतरी सांगेल. खोटं बोलायची सवय आपणच लावून देतो.

भीतीचं काही करायचं तर ती कामाच्या भाषेत मांडायची. तुमचा मोसम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत, आणि पुन्हा दिवाळीआधी भाजणीचे पंधरा-वीस दिवस. म्हणून तिला असं सांगा: “आपल्याकडे रोजची वेळ दहा ते सहा. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा सातपर्यंत थांबावं लागतं, त्याचे जादा पैसे मिळतील. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सुटी देता येत नाही. यातलं काय जमेल, काय जमणार नाही?” एवढं बोलून गप्प बसायचं. बाया अगदी मोकळेपणाने सांगतात. कुणी म्हणेल, पाणी सकाळी नऊ ते साडेनऊ येतं, पावणेदहाच्या आत मी निघूच शकत नाही. कुणी म्हणेल, मुलीला शाळेतून साडेपाचला आणावं लागतं. यातलं काही तुमच्याकडे सोडवता येईल, दहाचे सव्वादहा करता येतील, काही येणार नाही. पण दोघींना नेमकं काय ते कळलं. आणि लग्न झालंय की नाही हे कळायची गरजही पडली नाही.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. तुम्हाला फोन केलेल्यांपैकी कुणी मखमलाबाद किंवा दिंडोरीच्या बाजूने येणारी असेल तर द्राक्षांचा विचार करा. जानेवारी ते मार्च तोडणी आणि पॅकिंग, मग एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्या दिवसांत बागेत रोज चांगला मिळतो, आणि घरचीच बाग असेल तर रोजाचा प्रश्नच नसतो, जावंच लागतं. नेमका तोच तुमचा मसाल्याचा मोसम. तेव्हा सरळ विचारा, “मागच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही कुठे कामाला होतात?” यात संशय नाही, साधी चौकशी आहे. ती म्हणाली की बागेत, तर पुढचं बोलणं करता येतं.

हा ‘मागच्या वर्षी’ शब्द जपून ठेवा. चारही जणींना विचारायचे बाकीचे प्रश्न त्याच धाटणीचे करा. ‘एखादी ऑर्डर चुकली तर काय कराल?’ असं विचारलं की सगळ्याच म्हणतात, ताईंना सांगेन. ‘मागे काम करत होतात तिथे हिशोबात किंवा मालात फरक पडला असं कधी झालं? तेव्हा काय केलंत?’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. आठवून सांगितलेल्या गोष्टीत बारकावे असतात. एका बाईने मला सांगितलं होतं की दुकानात संध्याकाळी गल्ल्यात तीस रुपये कमी आले, तिने दिवसभराच्या पावत्या परत मोजल्या आणि एकावर ६ चे ९ वाचलं गेलं होतं ते सापडलं. मी तिला तिथल्या तिथे मनातून ठेवली होती. जिने म्हटलं ‘माझ्या हातून कधी चूकच होत नाही’, तिला मी आणखी एकदा विचारते, आणि तेच उत्तर आलं तर सावध होते. जिने आजवर बाहेर नोकरीच केली नाही तिला बचत गटाचा, भिशीचा, लग्नघरातल्या आहेराच्या वहीचा अनुभव विचारा. हिशोब बायका कुठे ना कुठे सांभाळतच असतात.

असे चार-पाचच प्रश्न पुरेत. वेळ आणि मोसम यांचा एक, मागच्या कामात रोज नेमकं काय करायच्या तो एक, चुकीचा एक, आणि ग्राहकाशी बोलण्याचा एक: ‘कुणी तुमच्यावर चिडून बोललं असा शेवटचा प्रसंग कोणता?’ पाचवा हवा असेल तर, आधीचं काम का सोडलं. चौघींना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येकीचं उत्तर तिच्याच शब्दांत दोन ओळीत लिहून काढा. ती गेल्या गेल्या लिहा, दुसरीला बोलावण्याआधी. संध्याकाळी लिहायला बसलात तर शेवटची तेवढी आठवेल, आणि जी छान बोलली तिचंच सगळं छान वाटेल.

बोलणं वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. खरी मुलाखत त्यानंतरची. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तसं काम करून दाखवता येण्यासारखं असेल तर बोलण्यावर विसंबायचं नाही. दोन जणींना, फार तर तिघींना, एका सकाळी वेगवेगळ्या वेळी तासाभरासाठी बोलवा. आधीच सांगा की हा तास कामाचा आहे आणि त्याचे पैसे मिळतील. पैसे द्याच, ती निवडली जावो न जावो, जाताना हातात द्या.

त्या तासात काय करायचं ते तुमच्याच चटणीवर सांगते. पातेल्यात चटणी, काटा, दोनशे ग्रॅमचे पाऊच, लेबलं, सीलिंगचं यंत्र आणि ऑर्डरच्या दोन चिठ्ठ्या मांडून ठेवा. एक पाकीट तुम्ही तिच्यासमोर सावकाश भरून दाखवा: रिकामा पाऊच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला, मग भरलं, २०० आलं, कड पुसली, सील केलं, लेबलावर तारीख आणि घाणा नंबर टाकला. कड पुसण्याचं मोठ्याने बोलून दाखवा, कारण शेंगदाण्याचं तेल कडेला लागलं की सील वरून बसल्यासारखं दिसतं आणि कुरिअरमध्ये सुटतं. मग म्हणा, “आता अशी दहा करा. काही अडलं किंवा चुकीचं वाटलं तर विचारा, विचारलेलं मला आवडतं.” एका चिठ्ठीवर मुद्दाम गोष्ट अर्धवट ठेवा, म्हणजे ‘चटणी ५’ लिहिलंय पण किती ग्रॅमची ते लिहिलेलं नाही. हा सापळा नाही, तुमच्या फोनवर अशा ऑर्डरी रोज येतात, आणि विचारायचं तर तुम्ही आधीच सांगून ठेवलंय.

मग बाजूला बसून दुसरं काम करा आणि बघा. समजा, भाची आली. हात चपळ, बोलणं गोड, दहा पाकिटं बारा मिनिटांत. पण पाऊच न ठेवताच काटा शून्यावर घेतला होता, म्हणजे पाऊचचं वजनही चटणीत मोजलं गेलं. प्रत्येक पाकिटात चटणी चार-पाच ग्रॅम कमी. दोन पाकिटांच्या कडेला तेल. चिठ्ठीवर तिने स्वतःच दोनशे ग्रॅम धरलं. दुसरी, पाथर्डी फाट्यावरून सिटीलिंकच्या बसने आलेली, फार बोलत नाही. तिला दहा पाकिटांना वीस मिनिटं लागली. काटा पहिल्यांदा तिचाही चुकला, तिसऱ्या पाकिटाला थांबली, म्हणाली, “ताई, पिशवीचं वजन धरायचं का नाही?” चिठ्ठी घेऊन आली, “हे पाच कोणतं पाच?”

इथे घाई करून निकाल लावू नका. काटा शून्यावर आणणं ही पाच मिनिटांत शिकवायची गोष्ट आहे, त्यावरून कुणाला नापास करायचं नसतं. दोघींना त्यांची चूक एकदा, शांतपणे, दाखवून द्या आणि आणखी दहा पाकिटं करायला सांगा. पहिल्या दहापेक्षा ही दुसरी दहा कितीतरी जास्त सांगतात. भाचीची दुसरी दहाही दहा बरोबर आली आणि तिने आपणहून पहिली दहा परत उघडून भरू का विचारलं, तर तिच्यासारखी बाई मिळणार नाही, वेग तर तिच्याकडे आहेच. ती हसून म्हणाली ‘चार ग्रॅमनी काय होतंय काकू’ आणि पुन्हा तसंच भरलं, तर ताई, तिला ठेवू नका. पाकिटावर २०० ग्रॅम छापलंय, आणि ते नाव तुमचं आहे. वेग महिनाभरात येतो. विचारण्याची सवय आणि दिसलेली चूक उघड करण्याची तयारी ही माझ्या अनुभवात शिकवून येत नाही, निदान गाळ्यावरच्या घाईत तरी येत नाही.

सासूबाईंना त्या वेळी तिथे बसवा. सहा वर्षं त्यांनी पाकिटं भरली आहेत, त्यांची नजर तुमच्यापेक्षा तयार असेल. फक्त त्यांचं मत तुमचं मत सांगायच्या आधी विचारा. दोघींनी आपापल्या चिठोरीवर पाच गोष्टींना शून्य, एक किंवा दोन असे गुण द्यायचे: वजन, स्वच्छता, दुसऱ्या वेळी झालेली सुधारणा, चिठ्ठी वाचणं, वेळ जुळणं. मग चिठोऱ्या उघडायच्या. बेरीज महत्त्वाची नाही. जिथे तुमचे दोन आणि त्यांचं शून्य आलं तिथे थांबून बोला, दोघींपैकी एकीने काहीतरी पाहिलेलं असतं.

त्या तासाचा आणखी एक फायदा म्हणजे मिरचीचा ठसका. ‘तुम्हाला काही आजार आहे का’ हा प्रश्न विचारू नका, तो फार मोघम आणि खासगी आहे. गाळ्यात उभं राहिलं की धूळ, वास आणि ठसका तिला स्वतःलाच कळतो. फक्त सांगा, “मार्चमध्ये याच्या तिप्पट असतं. शेंगदाणा, तीळ, हिंगही रोज हाताळावं लागतं. त्रास होत असेल तर आत्ताच सांगा.” दमा असलेली बाई आपणहून माघार घेईल किंवा फक्त ऑर्डरींचं काम मागेल. तब्येतीच्या बाबतीत खाद्यपदार्थांच्या कामाला एक नियम मात्र आहेच. अन्न हाताळणाऱ्या माणसाला संसर्गजन्य आजार नाही असा डॉक्टरांचा दाखला वर्षातून एकदा घ्यायचा असतो, विषमज्वराची लसही त्यात येते. तो निवड झाल्यावर घ्या, खर्च तुम्ही करा, आणि तुमचा व सासूबाईंचाही काढा, तुम्हीही अन्नच हाताळता.

आधीच्या ठिकाणी फोन करायचा तर तिला विचारून करा. ती अजून तिथे कामाला असेल तर न विचारता केलेल्या एका फोनने तिची आहे ती नोकरी जाईल. ‘बाई कशी आहे’ असं विचारलंत तर ‘चांगली आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्याकडे ती नेमकं कोणतं काम करायची?’ आणि ‘पुन्हा गरज पडली तर तिलाच बोलवाल का?’ दुसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस किती वेळ थांबतो ते ऐका.

शेजारणीच्या भाचीबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. ओळखीतली बाई ठेवू नये असं मी म्हणत नाही. आपल्याकडे निम्मी कामं ओळखीनेच होतात आणि ओळखीची बाई सहसा न सांगता गायब होत नाही. अडचण पुढे असते. तिला चूक दाखवायची झाली की तुम्ही शेजारणीचा चेहरा आठवून गप्प बसाल. म्हणून भाचीला बोलवायच्या आधीच शेजारणीशी बोलून घ्या: “वहिनी, तुम्ही सुचवलंत म्हणून बोलावतेय, पण बाकीच्यांसारखंच तिलाही काम करून दाखवावं लागेल. नाही जमलं तर तुमच्या-माझ्यात काही येऊ द्यायचं नाही.” हे बोलायला जीभ अडखळत असेल, तर सहा महिन्यांनी तिला कमी करायची वेळ आली तर काय होईल याचा विचार करा. आणि हे बोलणं ऐकूनच शेजारण नाराज झाली, तर भाचीला न बोलावणं दोघींच्या हिताचं आहे.

एवढं सगळं तुम्ही विचारणार, तर तिनेही विचारायला हवं, पण बहुतेक जणी विचारत नाहीत. पगार विचारला तर बरं दिसणार नाही असं त्यांना वाटतं. म्हणून तो तुम्हीच आधी सांगा, तास आणि साप्ताहिक सुटीसकट. ‘आधी किती मिळत होतं?’ विचारून त्यावर पाचशे वाढवू नका, आधीच्या ठिकाणी कमी मिळत असेल तर तो अन्याय तुम्ही पुढे चालवाल. आकडा कामावरून ठरवा, आणि किमान वेतनाच्या खाली नको. एकच माणूस असला तरी किमान वेतनाचा नियम लागू असतो. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तेव्हा चालू दर कामगार आयुक्त कार्यालयातून किंवा तुमच्या करसल्लागारांकडून पाहून घ्या. आठवड्याचे तास ४८ च्या आत बसवा. भविष्य निर्वाह निधी सक्तीने लागू होतो तो २० माणसांपासून, कर्मचारी राज्य विमा १० पासून, त्यामुळे आज तुम्हाला ते नाही. व्यवसाय करही महिलेचा पगार महिना २५,००० रुपयांपर्यंत असेल तर कापायचा नसतो. दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्याखाली इतक्या छोट्या जागेला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तीही करसल्लागार करून देतील.

निवड झाली की अर्ध्या पानाचं पत्र मराठीत लिहून दोघींनी सही करा: काम काय, वेळ, पगार कोणत्या तारखेला, सुटी कोणती, पहिले तीन महिने एकमेकींना पारखायचे, आणि सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं. आधार कार्डाची प्रत घ्या, मूळ कार्ड किंवा गुणपत्रिका ठेवून घेऊ नका, अनामतही मागू नका. पगार पहिल्या महिन्यापासून बँकेत टाका, तिच्या स्वतःच्या खात्यात. तिच्या घरच्या कुणाच्या खात्यात टाका असं तिने सांगितलं, तर तिचं खातं उघडायला सोबत जा.

ज्या तिघींना नाही म्हणायचंय त्यांना त्याच संध्याकाळी फोन करा. उगाच वाट पाहायला लावू नका, त्यांनी तुमच्यासाठी एक सकाळ मोडली आहे. त्यातली एखादी दुसऱ्या दहा पाकिटांत चांगली निघाली असेल, तर तिचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा आणि दिवाळीच्या भाजणीसाठी पंधरा दिवस येणार का, हे आताच विचारून घ्या.